तीस मिलिलीटर तेलाची बाटली

चेहऱ्याला लावायचे तेल विकणाऱ्या छोट्या उद्योगाची बाटली फुटते क्वचित, गळते मात्र वरचेवर. काच जाड असते, खोक्यात कागद भरलेला असतो, त्यामुळे धक्के बहुतेक वेळा पचतात. तेल बाहेर येते ते झाकण आणि बाटलीचे तोंड जिथे एकमेकांना भेटतात त्या दोन-तीन मिलिमीटरच्या जागेतून. पॅकिंगचा खर्च, तेलाचे टिकणे आणि ग्राहकाने खोका उघडल्यावर त्याला वाटणारा आनंद या तिन्ही गोष्टी शेवटी त्या जागेशी येऊन थांबतात. म्हणून पॅकिंगची निवड खोक्याच्या डिझाइनपासून सुरू न करता बाटलीच्या तोंडापासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

उदाहरणासाठी रत्नागिरीत तयार होणारे एक तेल धरू. तीळ, बदाम आणि रोझहिप यांचे मिश्रण, ३० मिलिलीटरची बाटली, किंमत ५९९ रुपये, विक्री मुख्यतः कुरिअरने, एका वेळी हजार बाटल्यांची बॅच. असे उद्योग पहिल्यांदा हमखास निवडतात ती तपकिरी काचेची ड्रॉपरची बाटली. काचेची नळी, वर रबरी फुगा आणि सोनेरी कडे असलेले झाकण. मोबाइलवरच्या व्हिडिओत तेलाचा थेंब गालावर पडताना छान दिसतो आणि ड्रॉपर म्हटले की वस्तू महागाची वाटते. तेलासाठी मात्र हेच झाकण सर्वांत अडचणीचे आहे.

कारण ड्रॉपरच्या झाकणात गळतीच्या जागा दोन. एक जागा सगळ्याच झाकणांना असते, काचेच्या काठावर टेकणारी. दुसरी जागा फुगा, कडे आणि नळी जिथे एकत्र दाबून बसवलेली असतात तिथे. साध्या झाकणात आत फोमची एक गोल चकती असते, तिला बाजारात वॅड म्हणतात. झाकण घट्ट फिरवले की वॅड काठावर दबते आणि वाट बंद करते. ड्रॉपरमध्ये सलग वॅड बसवता येत नाही, कारण मधून नळी जायची असते. मग फुग्याचीच रबरी कड काठावर दाबली जाते. हे रबर नैसर्गिक असेल तर ते तेल शोषून फुगते, मऊ पडते आणि दोन-तीन महिन्यांत त्याची पकड सैल होते. नायट्राइल रबर वनस्पती तेलापुढे बरेच टिकते. विक्रेत्याला विचारून खात्रीचे उत्तर मिळेलच असे नाही, पण तपासणी सोपी आहे: फुग्याचा व्यास आणि वजन नोंदवून तो आठवडाभर त्याच तेलात बुडवून ठेवायचा, पुसून पुन्हा मोजायचा. फुगा मोठा झाला, चिकट झाला किंवा दाबल्यावर पूर्ववत होईना, तर तो त्या तेलाच्या कामाचा नाही.

बाटली एका दुकानातून आणि झाकण दुसऱ्याकडून घेतले की आणखी एक घोळ होतो. बाटलीच्या तोंडाचे माप १८/४१०, २०/४००, २०/४१० अशा जोडआकड्यांत सांगतात. पहिला आकडा तोंडाचा मिलिमीटरमधला व्यास, तर दुसरा आट्यांचा प्रकार सांगणारा सांकेतिक आकडा. २०/४०० च्या तोंडावर २०/४१० चे झाकण बसल्यासारखे वाटते, कारण व्यास सारखाच. पण ४१० च्या झाकणाला आटे जास्त वेळ फिरावे लागतात आणि त्याची उंचीही जास्त असते. त्यामुळे आटे संपायच्या आधी वॅड काठावर नीट टेकतेच असे नाही. हाताला झाकण घट्ट लागते, प्रत्यक्षात ते आट्यांवर अडकलेले असते. बाटली आणि झाकण एकाच पुरवठादाराकडून, जोडी म्हणून तपासून घेतली की ही गळती मुळातच टळते.

झाकण किती घट्ट लावायचे यालाही माप आहे. त्याला टॉर्क म्हणतात आणि तो मोजायचे छोटे यंत्र मिळते. वीस मिलिमीटरच्या झाकणासाठी साधारण एक न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर हा सुरुवातीचा अंदाज धरतात. छोट्या कारखान्यात झाकणे हातानेच लावली जातात. सकाळी पहिल्या शंभर बाटल्यांना लागलेला जोर आणि संध्याकाळी बोटे दुखू लागल्यावर लागलेला जोर यांत बराच फरक पडतो. शिवाय लावलेले झाकण दुसऱ्या दिवशी आपोआप थोडे सैल होते, कारण वॅड दबून बसते आणि प्लास्टिकचे आटे ताणाखाली किंचित सरकतात. म्हणून झाकण लावल्यावर चोवीस तासांनी प्रत्येक पेटीतल्या चार-पाच बाटल्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. आकडे एकमेकांच्या जवळ असले तर हात स्थिर आहेत. दोन बाटल्या बोटाच्या टोकाने उघडल्या तर सगळी पेटी पुन्हा फिरवावी.

आता हीच बाटली प्रवासाला निघते. मे महिन्यात विदर्भात सावलीतला पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद ट्रकमध्ये त्याहून वर चढतो. वनस्पती तेल तापले की दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के प्रसरण पावते. रत्नागिरीत २५ अंशांना भरलेले ३० मिलिलीटर तेल ५० अंशांना पोचले की त्याला अर्धा मिलिलीटर जास्त जागा लागते. ही जागा बाटलीतल्या हवेतून येते. तीस मिलिलीटरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत काठोकाठ सुमारे ३५ मिलिलीटर मावते, म्हणजे नीट मोजून भरली तर वर पाच मिलिलीटर हवा उरते. तेल वाढून ती साडेचारावर येते, स्वतःही तापते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे १.२ पट होतो.

पण बाटली भरलेली दिसावी, ग्राहकाला कमी मिळाल्यासारखे वाटू नये, म्हणून उदार हाताने ३३ मिलिलीटर तेल भरले तर वर दोनच मिलिलीटर हवा राहते. त्याच उष्णतेत ती दबून दाब दीडपटीवर जातो. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा जो दाब झाकणावर पडतो तो दुपटीहूनही अधिक होतो. काठोकाठ भरलेली बाटली त्यामुळेच आधी गळते. भरताना डोळ्यांच्या अंदाजाऐवजी वजन वापरणे सुरक्षित ठरते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते. ३० मिलिलीटरचे त्याचे वजन सुमारे साडेसत्तावीस ग्रॅम भरते.

उंचीचा परिणाम वेगळा होतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन-तृतीयांश आहे. प्रवासी विमानाच्या आत साधारणपणे २,४०० मीटर उंचीइतका म्हणजे पाऊण दाब राखलेला असतो. रत्नागिरीत पाच मिलिलीटर हवा कोंडून बंद केलेली बाटली लेहला पोचली की त्या हवेला साडेसात मिलिलीटर जागा हवी असते. बाटली आडवी किंवा उलटी असेल आणि झाकणाला बारीकशी फट असेल तर आतली हवा अडीच मिलिलीटर तेल पुढे ढकलते. एका बाटलीतून अडीच मिलिलीटर तेल म्हणजे लेबल, कार्टन आणि शेजारच्या दोन पिशव्या तेलकट. म्हणजे उष्णतेसाठी जास्त हवा बरी आणि उंचीसाठी कमी. पाच मिलिलीटर हा दोन्हींमधला रास्त मध्य आहे. मात्र फट असेल तर कुठलाच मध्य उपयोगी पडत नाही.

म्हणूनच तेलासाठी ड्रॉपरपेक्षा थेंब पाडणारे आतले बूच असलेली बाटली उजवी ठरते. सुगंधी तेलाच्या बाटल्यांना ते नेहमी असते. तोंडात दाबून बसवलेला प्लास्टिकचा प्लग, त्याला मधोमध बारीक छिद्र आणि वर उघडताना तुटणारे कडे असलेले झाकण. बाजारात त्याला युरो ड्रॉपर म्हणतात. प्लगची बाजू काचेच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते आणि झाकण बंद असताना त्याच्या आतला उंचवटा छिद्रावर बसतो, त्यामुळे वाट दोनदा अडते. बाटली उलटी धरली की थेंब मोजून पडतात. चेहऱ्याला तीन-चार थेंबच लागतात, तेव्हा वापरातही काही कमी पडत नाही. नवी बाटली उघडताना कडे तुटल्याचा जो ‘कट’ असा आवाज येतो, तो हातात पडलेल्या वस्तूला कोणी शिवलेले नाही याची खूण असतो. ड्रॉपरवर प्लास्टिकची श्रिंक पट्टी चढवली जाते तीही ही खूण देते, पण गळती ती अडवत नाही. अडवल्यासारखे दिसते तेव्हा तेल पट्टीच्या आत साचलेले असते, एवढेच.

या बुचाला एक मर्यादा आहे आणि ती थंडीत उघड होते. छिद्र बारीक असल्यामुळे जाड तेल त्यातून रखडत येते. मिश्रणात एरंडेल जास्त असेल तर थेंब पडायला अर्धे मिनिट लागते. खोबरेल असेल तर प्रश्न मोठा आहे. २४ अंशांच्या खाली ते गोठू लागते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली प्रत्येक घराने पाहिलेली आहे. रत्नागिरीत ते पातळ राहील, पण नाशिकला जानेवारीच्या सकाळी प्लगच्या छिद्रातच घट्ट होऊन बसेल. त्यामुळे बूच ठरवण्याआधी तयार तेलाची बाटली रात्रभर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून सकाळी थेंब पाडून पाहावा. पडत नसेल तर तेलाचे मिश्रण बदलावे किंवा पंप घ्यावा. तीळ आणि बदाम तेल या चाचणीत अडत नाही.

बाटलीच्या तोंडाचा तेलाच्या टिकण्याशी संबंध त्याहूनही जवळचा आहे. तेल खराब होते ते मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनमुळे. आधी वास बदलतो, मग रंग, मग बोटांना चिकटपणा जाणवतो. आपल्याकडे या वासाला एकच नेमका शब्द आहे, खवट. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखे ऑक्सिडेशन रोखणारे घटक असल्याने ते टिकाऊ असते, बदामाचे तेल मध्यम, पण रोझहिपमध्ये लिनोलिक आणि लिनोलेनिक आम्ले भरपूर असल्यामुळे ते लवकर खवट होते. मिश्रण किती टिकेल हे त्यातल्या सर्वांत नाजूक तेलावरून ठरते. व्हिटॅमिन ई घातल्याने वेग मंदावतो, पण हवा येत राहिली तर तेही खर्ची पडते.

बंद बाटलीतल्या पाच मिलिलीटर हवेत ऑक्सिजन असतो एक मिलिलीटर. तो संपला की प्रक्रिया जवळपास थांबते. म्हणजे बंद बाटली कपाटात वर्षभर राहिली तरी फार बिघडत नाही. खरी झीज उघडल्यावर सुरू होते. दिवसातून दोनदा याप्रमाणे दोन महिन्यांत ड्रॉपर १२० वेळा बाहेर येतो. प्रत्येक वेळी पूर्ण तोंड उघडे पडते, फुगा दाबून सोडताना ताजी हवा नळीतून थेट तेलात शिरते आणि तेल खाली जाईल तशी आतली हवा वाढत जाते. शेवटचे पाच मिलिलीटर तेल पंचवीस-तीस मिलिलीटर हवेच्या सहवासात असते. आंघोळीनंतर ओल्या गालाला टेकलेली नळी पाण्याचा अंशही आत नेते. प्लगच्या बाटलीत हवा फक्त बारीक छिद्रातून, पडलेल्या थेंबांच्या जागी तेवढीच येते. हा फरक नाकालाही कळतो. दोन्ही बाटल्या दोन महिने रोज दोनदा उघडून शेजारी ठेवल्या की ड्रॉपरच्या बाटलीतला वास आधी बदलतो. नाकावर विसंबायचे नसेल तर अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत तेलाचे पेरॉक्साइड मूल्य मोजून मिळते.

प्रकाशाचे काम तपकिरी काच करते. ती अतिनील आणि बरीचशी निळी किरणे अडवते, तर पारदर्शक काच जवळपास काहीच अडवत नाही. दुधी, खरखरीत फ्रॉस्टेड बाटली अंधुक दिसते म्हणून ती संरक्षण देते असा समज आहे. पण ती उजेड पसरवते, अडवत मात्र नाही. कार्टन उजेड पूर्ण अडवते, पण ग्राहक ते पहिल्याच दिवशी टाकून देतो आणि बाटली आरशाखाली ठेवतो. म्हणून तपकिरी काचेवर बचत करू नये. स्वस्तातली पेट प्लास्टिकची बाटली हलकी आणि न फुटणारी असली तरी तिच्या भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत येतो. पातळ बाटलीत उलटाही प्रकार घडतो. तेल आतला ऑक्सिजन शोषून घेते, आतला दाब उतरतो आणि बाटलीचे गाल खपाटीला जातात. तेलात संत्रे किंवा लिंबाच्या सालीचा अर्क असेल तर पॉलिस्टायरीनचे झाकण त्याने तडकते, पॉलिप्रॉपिलीनचे तडकत नाही.

लेबलवरची ‘या तारखेपूर्वी वापरा’ ही ओळ या सगळ्यावर उभी असते. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे ही मुदत, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी द्यावी लागते. वजनमापाच्या नियमांप्रमाणे निव्वळ माप, कमाल किंमत आणि ग्राहकसंपर्क आलाच. बॅच आणि तारखेची शाई तेलकट बोटाने पुसली गेली तर लेबल असून नसल्यासारखे होते. कागदी लेबल तेल शोषून पारदर्शक होते, म्हणून तेलासाठी प्लास्टिक फिल्मचे लेबल घ्यावे आणि छापील तारखेवर तेलाचे बोट घासून पाहावे. उघडल्यावर किती महिन्यांत संपवावे हेही लिहिलेले बरे. रोझहिप असलेल्या तेलाला तीन-चार महिने हा प्रामाणिक आकडा ठरेल, आणि ३० मिलिलीटरची बाटली तेवढ्यात आरामात संपते. दोनशे मिलिलीटरची ‘फॅमिली’ बाटली काढली तर शेवटचे अर्धे तेल ग्राहक खवट झाल्यावर वापरील.

गळतीची चाचणी महाग यंत्रांवाचून होते. हवा असतो सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, थर्मामीटर लावून बल्बने तापवलेला पत्र्याचा डबा आणि टिपकागद. प्रत्येक बाटली पुसून, क्रमांक टाकून, वजन नोंदवून टिपकागदावर उलटी ठेवायची. दोन दिवस ५० अंशांत, मग एक रात्र फ्रिजमध्ये, असे तीन फेरे. कागदावर अर्धपारदर्शक डाग दिसला किंवा वजन ०.०५ ग्रॅमने उतरले की ती बाटली गळली. उंचीची चाचणी हातपंपाने हवा काढायच्या अन्न साठवायच्या डब्यात करता येते. त्यानंतर पाठवायचा खोका नेहमीसारखा बंद करून ७६ सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा टाकायचा: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. हलक्या पार्सलसाठी हीच पद्धत आंतरराष्ट्रीय चाचणीत वापरतात.

इथे एक हिशेब फार जणांच्या नजरेतून सुटतो. बारा बाटल्या तपासल्या, एकही गळली नाही, म्हणून बॅच पास, असे धरले जाते. बारा बाटल्यांत शून्य गळती असली तरी खऱ्या गळतीचे प्रमाण वीस टक्क्यांहूनही वर असू शकते, कारण बारा हा नमुना फार छोटा आहे. ढोबळ नियम असा की तीनला तपासलेल्या संख्येने भागावे. साठ बाटल्यांत एकही न गळता निभावली तर प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असल्याची बऱ्यापैकी खात्री, तीनशे बाटल्यांत एक टक्क्याच्या आत. चाचणीतल्या न गळलेल्या काचेच्या बाटल्या धुऊन पुन्हा चाचणीलाच वापरता येतात, झाकणे मात्र दरवेळी नवी घ्यावी लागतात. पहिल्या हजारासाठी साठ बाटल्यांची चाचणी परवडते आणि ती टाळू नये.

पैशाचा हिशेब आता मांडता येतो. दर गावोगाव आणि संख्येप्रमाणे बदलतात, पुढचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. ड्रॉपरची बाटली २६ रुपये, प्लग आणि कड्याच्या झाकणाची २१ रुपये. बाटलीतले तेल आणि मजुरी ९० रुपये, लेबल आणि कार्टन १४ रुपये, कुरिअर ६० रुपये. गळलेल्या प्रत्येक बाटलीबद्दल नवी बाटली पाठवावी लागते. ड्रॉपरच्या बाबतीत तिचा खर्च १९० रुपये. हजारात चाळीस बाटल्या गळल्या तर ७,६०० रुपये गेले, म्हणजे प्रत्येक बाटलीवर साडेसात रुपये चढले. प्लगच्या हजारात पाच गळल्या तर खर्च ९२५ रुपये, बाटलीमागे एक रुपयाही नाही. खरेदीच्या पावतीवरचा पाच रुपयांचा फरक गळती धरल्यावर अकरा-बारा रुपयांचा होतो. तेलाने भिजलेल्या खोक्याचा फोटो टाकून लिहिलेली नाराजी यात मोजलेलीच नाही.

वाचलेले हे पैसे खोक्यावर खर्च करता येतात, आणि करावेतही. ड्रॉपर सोडल्यावर दिसण्यातला जो भाव कमी होतो तो कुठेतरी भरून काढावा लागतो. पण इथेही एक छुपा खर्च आहे. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजनाबरोबर आकारमानाचे वजनही काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायचे, येतील ते किलो. दोन्हींपैकी जास्त असेल त्याचे पैसे, आणि दर बहुधा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात. भरलेली काचेची बाटली कार्टनसह दीडशे ग्रॅमच्या आसपास. १४ × ९ × ७ सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमान-वजन १७६ ग्रॅम, म्हणजे पहिल्या टप्प्यात. तीच बाटली चुंबकाच्या झाकणाच्या जाड पुठ्ठ्याच्या पेटीत, आत साटिन आणि कागदाचा भुगा घालून २२ × १६ × ९ च्या खोक्यात पाठवली तर वजन होते ६३४ ग्रॅम. टप्पा ओलांडला. पेटीचे जास्तीचे चाळीस रुपये आणि कुरिअरचे जास्तीचे चाळीस-पन्नास मिळून ५९९ च्या वस्तूवर ऐंशी-नव्वद रुपयांचा बोजा पडतो, तोही ग्राहक दोन मिनिटांत बाजूला ठेवील अशा गोष्टीसाठी.

कमी खर्चात जे साधते ते असे. तीन-प्लायचा बारीक नळीचा खपटी रंगाचा खोका, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एकाच रंगात छपाई. बाहेरून साधा, उघडल्यावर रंग दिसतो आणि बाहेरची छपाई कुरिअरच्या स्टिकरांखाली झाकली जाण्याचा प्रश्न राहत नाही. आत ३०० जीएसएम पुठ्ठ्याचे कार्टन, तळाला आणि मानेशी घडीचा आधार असलेले, म्हणजे बाटली आत हलत नाही. खोका कानाशी हलवून पाहावा. खुळखुळ ऐकू आली तर ग्राहकालाही ती ऐकू जाईल आणि झाकणालाही ती वाटभर बसेल. कार्टनवर सोनेरी फॉइल लावायची तर ती नावापुरतीच, कारण फॉइलच्या साच्याचा खर्च एकदाच होत असला तरी हजारावर वाटल्यावर तो बोचतो. डाय आणि प्लेटचा खर्चही तसाच. म्हणून पुढे ५० मिलिलीटरचा माल काढायचा असेल तर त्याची उंची आधीच ठरवून एकाच डायमधून दोन्ही कार्टन निघतील का, हे कार्टनवाल्याशी बोलून घ्यावे. बाटलीवर थेट स्क्रीन प्रिंटिंग दिसायला सुरेख असते, पण किंमत किंवा एखादा घटक बदलला की उरलेल्या बाटल्या अडकून पडतात. लहान उद्योगाला लेबलच सोयीचे.

या निवडी तेलासाठी आहेत आणि दुसऱ्या वस्तूला त्या तशाच लावता येत नाहीत. पाण्यात विरघळवलेल्या व्हिटॅमिन सीच्या सीरमला हवा तेलापेक्षाही लवकर बिघडवते. ते पिवळे, मग तपकिरी होत जाते. तिथे एअरलेस पंपाचे जास्तीचे पैसे द्यावेत. त्यात बुडणारी नळी नसते, तळाचा पिस्टन वर सरकत जातो आणि हवा सीरमला शिवत नाही. तोच पंप पातळ तेलाला नको, कारण तेल पिस्टनच्या कडेने खाली झिरपू शकते. क्रीमला रुंद तोंडाची काचेची बरणी देखणी असली तरी बोटे रोज आत जातात. ट्यूब गळत नाही, बोट आत जात नाही आणि ती हलकीही असते.

पहिली बॅच नीट गेली की दुसऱ्या वेळी धोका वेगळ्याच बाजूने येतो. पुरवठादार तेच झाकण देतो, पण आतला प्लग दुसऱ्या कारखान्याचा असतो, किंवा वॅडची जाडी किंचित कमी असते, आणि बिलावर तेच नाव असते. यासाठी पास झालेल्या बॅचमधल्या दहा रिकाम्या बाटल्या, झाकणे आणि प्लग तारीख टाकून बंद पिशवीत ठेवावेत. नवा माल आला की जुना आणि नवा प्लग शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजावा, वजन करावे, नवा प्लग बोटाने दाबून बसवताना तेवढाच जोर लागतो का ते पाहावे आणि साठ बाटल्या पुन्हा टिपकागदावर उलट्या ठेवाव्यात.